स्नेहमेळाव्याच्या गटासाठी नाव: ‘पिंपळपार’ आणि निवडीची रीत

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळावा गटासाठी ‘पिंपळपार’ हे नाव सुचवण्यात येत आहे, कारण तास बुडवून जिथे बसले जाई तो पार सर्व शाखांना सामाईक होता. मात्र नाव सुचवणाऱ्यानेच ते ठरवणे न्याय्य नसल्यामुळे निवड पसंतीक्रमाने, म्हणजे प्रत्येकाने नावांना १, २, ३ असे क्रमांक देऊन, व्हावी. राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही मते अशीच दिली जातात.

समजा, ४० मतांपैकी ‘पिंपळपार’ला १६, ‘आपला कट्टा’ला १३ आणि ‘कट्टा मंडळ’ला ११ पहिल्या पसंती मिळाल्या, तर साध्या मोजणीत ‘पिंपळपार’ जिंकेल, जरी २४ जणांना कट्टाच हवा असला तरी. याला मतविभागणी म्हणतात. पसंतीक्रमात तळाचे नाव बाद होऊन त्याची मते दुसऱ्या पसंतीकडे जातात, आणि त्यांपैकी ९ ‘आपला कट्टा’कडे व २ ‘पिंपळपार’कडे गेल्यास निकाल २२ विरुद्ध १८ असा उलटतो (सुचवणाऱ्याच्या दुर्दैवाने!).

एकच पसंती देणाऱ्याचे मत मात्र ते नाव बाद होताच संपते. मते गुप्त असावीत, कारण चालू आकडे दिसल्यास उशिरा येणारे आघाडीकडे झुकतात. बरोबरी झाल्यास चिठ्ठी टाकावी, आणि हा नियम मतदानाआधीच जाहीर करावा.