जपानी साहेबांना निरोपाची चिठ्ठी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानी कंपनीत काम करणाऱ्या मराठी मुलामुलींवर नोकरी सोडायची वेळ आली, की सगळ्यात अवघड वाटतं ते साहेबांना लिहायचं पत्र. आपल्याकडे राजीनामा, कारण, आभार आणि दिलगिरी हे सगळं एकाच कागदावर चालून जातं. जपानमध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीची जागा वेगळी आहे. ती चुकली की शब्द कितीही नम्र असले तरी मन दुखावतं.

गैरसमज १: आधी पत्र पाठवावं, मग भेटावं.

वस्तुस्थिती: आधी भेट, मग कागद. थेट वरिष्ठांकडे थोडा वेळ मागायचा आणि बंद खोलीत, दोघंच असताना, तोंडी सांगायचं. बातमी अचानक ईमेलने आली किंवा सहकाऱ्यांकडून कानावर पडली, तर ‘मला विचारातच घेतलं नाही’ असं साहेबांना वाटतं. म्हणून जवळच्या सहकाऱ्यालाही त्याआधी सांगू नये.

गैरसमज २: राजीनाम्यातच मनापासून आभार मानावेत.

वस्तुस्थिती: औपचारिक राजीनामा, म्हणजे ‘ताइशोकु तोदोके’, मुद्दाम कोरडा ठेवतात. तो साहेबांच्या नव्हे, कंपनीच्या अध्यक्षांच्या नावे असतो. ‘वैयक्तिक कारणास्तव अमुक तारखेला नोकरी सोडत आहे’ एवढाच त्याचा मजकूर. उभ्या ओळींत लिहिताना स्वतःचं नाव अध्यक्षांच्या नावापेक्षा खाली येईल याची काळजी घेतात. आभार आणि दिलगिरी साहेबांना लिहायच्या वेगळ्या, छोट्या चिठ्ठीत जातात.

गैरसमज ३: खरं कारण सविस्तर सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा.

वस्तुस्थिती: कागदावर ‘इस्शिन्ज्यो नो त्सुगो’, म्हणजे वैयक्तिक कारण, एवढं पुरतं, आणि ते लपवाछपवीचं मानलं जात नाही. पगार कमी आहे किंवा काम आवडत नाही असं लिहिलं, तर ती तक्रार होते आणि साहेबांना तिचं उत्तर द्यावं लागतं. प्रत्यक्ष भेटीत विचारलंच, तर पुढे काय करायचं आहे ते सांगावं. इथे काय खटकलं याची यादी देऊ नये.

गैरसमज ४: जितक्या वेळा माफी मागू, तितकं बरं.

वस्तुस्थिती: माफी एकदाच, आणि नेमक्या गोष्टीची. समजा, पुण्याहून गेलेला एक इंजिनिअर मार्चअखेरीस नोकरी सोडतो आहे. जपानी आर्थिक वर्षही ३१ मार्चला संपतं, त्यामुळे विभागात धावपळ असते. भेटीनंतर त्याने लिहिलेल्या चिठ्ठीचा आशय असा असावा:

‘सोमवारी कामातून वेळ काढून आपण माझं म्हणणं ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. माझ्या वैयक्तिक कारणाने मी ३१ मार्चला नोकरी सोडत आहे. वर्षअखेरीच्या गडबडीत आपल्याला त्रास होतो आहे, याबद्दल मनापासून क्षमस्व. मी नवीन असताना माझे अहवाल आपण ओळ न् ओळ तपासून दिलेत. ती शिस्त पुढेही माझ्या कामी येईल. शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याकडची कामं नीट सोपवून जाईन.’

सहाच वाक्यं आहेत. दिलगिरी आहे ती वेळेबद्दल, निर्णयाबद्दल नाही. निर्णयाचीच माफी मागत राहिलं, तर मन अजून डळमळीत आहे असं वाटून थांबवण्याचे प्रयत्न सुरू होतात. आभारही मोघम नाहीत, साहेबांनी केलेल्या एका ठरावीक कामाचे आहेत. आणि शेवटचं वाक्य सर्वांत वजनदार, कारण त्यात ‘हिकित्सुगी’चं, म्हणजे काम सोपवण्याचं, वचन आहे. कुठलं काम कुठवर आलं आहे, कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या ग्राहकाशी काय ठरलं आहे, हे लिहून ठेवलं नाही, तर चिठ्ठीतली दिलगिरी पोकळ ठरते.

गैरसमज ५: साहेबांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय नोकरी सोडताच येत नाही.

वस्तुस्थिती: जपानच्या नागरी संहितेच्या ६२७व्या कलमानुसार, मुदत न ठरलेल्या नोकरीत कर्मचाऱ्याने सूचना दिल्यावर दोन आठवड्यांनी करार संपतो, त्याला संमती लागत नाही. मुदतीच्या कराराचे नियम मात्र वेगळे आहेत. कंपन्यांच्या नियमावलीत बहुधा महिनाभर आधी सांगायला लिहिलेलं असतं. गोडीने निघायचं असेल तर ती मुदत पाळावी, आणि उरलेली पगारी रजा मोजूनच कामाचा शेवटचा दिवस ठरवावा.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीने भागत नाही. कामाच्या व्हिसावर असलेल्या परदेशी कर्मचाऱ्याने नोकरी सोडल्यापासून १४ दिवसांच्या आत जपानच्या इमिग्रेशन विभागाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ही नोंद कंपनी करेल असं धरून चालू नका. ती स्वतःच करायची असते.