तीस आणि एकतीस वरच्या चौकटीत

२०२६ सालचं ऑगस्टचं पान भिंतीवर टांगलं की पहिल्याच रकान्यात एक गंमत दिसेल. रविवारच्या ओळीत सगळ्यांत आधी २ नव्हे, ३० तारीख असेल. त्याखाली सोमवारच्या ओळीत ३१. मग मंगळवार ते शुक्रवार चार चौकटी रिकाम्या आणि तळाशी शनिवारी १ तारीख. मराठी घरांना याचं काहीच वाटत नाही. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ असो किंवा दुकानदाराने दिवाळीला फुकट दिलेलं कॅलेंडर, डावीकडे वार, तारखा वरून खाली आणि शेवटी न मावलेल्या तारखा पुन्हा वर, ही मांडणी डोळ्यांत बसलेली आहे. संगणकावर मात्र कॅलेंडरचे जे तयार नमुने मिळतात ते बहुतेक आडवे असतात. तिथे तारखा डावीकडून उजवीकडे जातात आणि ऑगस्टसारख्या महिन्याला सहावी ओळ लागते.

आपल्या सवयीचं पान एक्सेलमध्ये एकाच फॉर्म्युल्यात उभं करता येतं. एका सेलमध्ये महिना, दुसऱ्यात वर्ष; ते बदललं की पान बदललं. त्यासाठी आधी एक्सेल तारखेकडे कसं पाहतं ते समजून घ्यावं लागतं.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे फक्त एक क्रमांक. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून रोज एकाची भर. १ ऑगस्ट २०२६ चा क्रमांक ४६२३५. या क्रमांकाला ७ ने भागलं तर बाकी शून्य उरते आणि शून्य बाकी म्हणजे शनिवार. बाकी १ असेल तर रविवार, २ असेल तर सोमवार. `WEEKDAY` हे फंक्शन जवळपास एवढंच करतं. फक्त शनिवारला शून्याऐवजी ७ म्हणतं. (१९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण एक्सेल ते तसं धरतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घेताना ही चूक मुद्दाम ठेवली गेली. त्यामुळे त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीचे वार एक्सेल चुकीचे सांगतं. आजच्या कॅलेंडरला त्याची झळ पोचत नाही.)

दुसरं फंक्शन `SEQUENCE`. किती ओळी, किती रकाने आणि कुठल्या अंकापासून, एवढं सांगितलं की ते क्रमाने आकडे भरून देतं. तारीख हा आकडाच असल्यामुळे त्याला तारखाही भरता येतात. B1 मध्ये महिन्याचा आकडा आणि B2 मध्ये वर्ष लिहिलं असेल, तर आडवं कॅलेंडर एवढ्यात तयार होतं:

```
=SEQUENCE(6,7,DATE(B2,B1,1)-WEEKDAY(DATE(B2,B1,1))+1)
```

म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मागे जाऊन त्या आठवड्याचा रविवार गाठायचा आणि तिथून ४२ दिवस मांडायचे. ऑगस्ट २०२६ साठी हा तक्ता २६ जुलैपासून सुरू होतो आणि ५ सप्टेंबरला संपतो. उत्तर बरोबर आहे, पण पानावर जुलैचे सहा आणि सप्टेंबरचे पाच दिवस उगाच पाहुणे येऊन बसतात आणि सहाव्या ओळीत ऑगस्टचे फक्त दोन दिवस असतात.

सहा ओळी टाळता येतील का? पाच आठवड्यांच्या चौकटी ३५ होतात. महिना जास्तीत जास्त ३१ दिवसांचा. तेव्हा जागा कधीच कमी पडत नाही. अडचण फक्त सुरुवातीला सुटणाऱ्या रिकाम्या चौकटींची आहे. शनिवारी महिना सुरू झाला तर सहा चौकटी रिकाम्या जातात, सहा आणि एकतीस मिळून सदतीस होतात आणि दोन तारखा बाहेर पडतात. छापखान्यातल्या मंडळींनी या दोन तारखा त्याच रिकाम्या चौकटींत नेऊन बसवल्या. एक्सेलमध्ये हे काम `MOD` करतं, म्हणजे भागाकारातली बाकी काढणारं फंक्शन. पस्तिसावी चौकट संपली की मोजणी पुन्हा पहिल्या चौकटीवर येते.

```
=LET(d, DATE(B2,B1,1),
 k, MOD(SEQUENCE(5,7,0)-(WEEKDAY(d)-1), 35),
 TRANSPOSE(IF(k<DAY(EOMONTH(d,0)), d+k, "")))
```

हा फॉर्म्युला B5 मध्ये लिहायचा. `LET` मुळे मधल्या हिशेबाला नाव देता येतं: d ही महिन्याची पहिली तारीख आणि k म्हणजे त्या तारखेनंतर किती दिवस. ऑगस्टचंच उदाहरण घेऊ. `SEQUENCE(5,7,0)` चौकटींना ० ते ३४ असे क्रमांक देतं. त्यातून ६ वजा करायचे, कारण शनिवारच्या आधी सहा वार जातात. पहिल्या चौकटीत शून्यातून सहा गेले, उरले उणे सहा. या उणे सहाची ३५ ने भागल्यावरची बाकी एक्सेल २९ धरतं, आणि १ ऑगस्टनंतर २९ दिवसांनी येते ३० तारीख. दुसऱ्या चौकटीत ३० दिवसांनी ३१. तिसऱ्या चौकटीत k ची किंमत ३१ होते. ऑगस्टचे दिवसही ३१ असल्यामुळे ‘k लहान आहे का’ या प्रश्नाचं उत्तर नाही असं येतं आणि चौकट कोरी राहते. सातव्या चौकटीत सहातून सहा गेले, उरलं शून्य. म्हणजे १ तारीख. महिन्याचे दिवस किती हे `EOMONTH` सांगतं, त्यामुळे फेब्रुवारीसाठी वेगळी अट घालावी लागत नाही. शेवटी `TRANSPOSE` आडव्या ओळींचे उभे रकाने करतं. A5 पासून A11 पर्यंत रविवार ते शनिवार अशी वारांची नावं हाताने लिहून ठेवली की तक्ता पुरा झाला.

हे लिहून एंटर दाबल्यावर चौकटींत ४६२६४, ४६२६५ असे आकडे दिसले तर घाबरायचं कारण नाही. ते तारखांचे क्रमांक आहेत. B5 ते F11 निवडून सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये `d` लिहिलं की नुसता दिवस दिसतो. देवनागरी अंक हवे असतील तर एक्सेलमध्ये `[$-4000439]d` लिहायचं. इथे एक मोह टाळलेला बरा. काही जण फॉर्म्युल्यातच १ ते ३१ हे साधे आकडे काढतात. पान तसंच दिसतं, पण त्या सेलमधल्या ८ ला एक्सेल ८ जानेवारी १९०० समजतं. मग त्यावर वाराची कुठलीही अट चालत नाही.

अशी अट नेहमीच लागते. १ सप्टेंबर २०१५ पासून देशातल्या बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, तेव्हा ते दोन शनिवार वेगळ्या रंगात हवेत. B5 ते F11 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा नियम द्यायचा:

```
=AND(WEEKDAY(B5)=7,
 OR(INT((DAY(B5)-1)/7)=1, INT((DAY(B5)-1)/7)=3))
```

दुसरा शनिवार कायम ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो आणि चौथा २२ ते २८ च्या, त्याच आधारावर हा नियम उभा आहे. ऑगस्ट २०२६ मध्ये ८ आणि २२ तारखांना रंग चढतो. १५ ऑगस्टही शनिवारीच येतो, पण तो तिसरा. वरच्या चौकटीत नेलेल्या तारखांमुळे ‘कितवा’ हे जागेवरून मोजण्यात मात्र धोका आहे. सोसायटीची सभा पहिल्या रविवारी असेल आणि कोणी रविवारच्या ओळीतली पहिली चौकट रंगवली, तर ती सभा ३० ऑगस्टला, पाचव्या रविवारी जाऊन पडेल. तारखेवरून मोजणारा नियम तिथे फसत नाही.

छपाईसाठी उभा ए-४ कागद घेतला तर २९.७ सेंटिमीटर उंची मिळते. वरखाली दीड-दीड सेंटिमीटर समास आणि महिन्याच्या नावाला तीन सेंटिमीटर सोडले की प्रत्येक वाराच्या वाट्याला सुमारे ३.४ सेंटिमीटर येतात, म्हणजे एक्सेलच्या भाषेत ओळीची उंची ९६ च्या आसपास. तारीख चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बसवली तर खाली दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची नोंद करायला जागा उरते. रेषा मात्र पस्तीसही चौकटींना हाताने आखाव्या लागतात, कारण फॉर्म्युला किंमती पसरवतो, बॉर्डर पसरवत नाही.

नोंदी कागदावरच कराव्यात, चौकटीत टाईप करू नयेत. पस्तीस चौकटींपैकी एकीतही काही लिहिलं की फॉर्म्युल्याला पसरायला जागा राहत नाही, अख्खं पान नाहीसं होतं आणि B5 मध्ये `#SPILL!` दिसतं. मर्ज केलेल्या सेलमुळेही हेच होतं. गुगल शीट्समध्ये अशा वेळी `#REF!` येतं; शिवाय तिथे हा सगळा फॉर्म्युला `ARRAYFORMULA( )` मध्ये गुंडाळावा लागतो. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये `SEQUENCE` नाहीच, ते २०२१ च्या आवृत्तीत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे. फुकट मिळणाऱ्या लिबर-ऑफिसमध्ये ते २४.८ या आवृत्तीपासून आलं.

या चुका निदान ओरडून सांगतात. खरी भीती गप्प बसणाऱ्या चुकांची. B2 मध्ये घाईत २०२६ ऐवजी नुसतं २६ लिहिलं तर एक्सेल ते १९२६ धरतं आणि रविवारी सुरू होणारा, दिसायला अगदी नीटनेटका ऑगस्ट छापून देतं. महिन्याच्या जागी १३ पडलं तर पुढच्या वर्षीचा जानेवारी येतो. म्हणून पानाचं शीर्षक हाताने लिहायचं नाही. `=DATE(B2,B1,1)` हाच फॉर्म्युला शीर्षकाच्या सेलमध्ये ठेवून त्याला `[$-44E]mmmm yyyy` हा फॉरमॅट द्यायचा. मग मराठी महिन्याशेजारी १९२६ छापलं जातं आणि चूक लगेच डोळ्यांवर येते. B1 आणि B2 ला डेटा व्हॅलिडेशन लावून १ ते १२ आणि चार आकडी वर्ष एवढंच स्वीकारायला लावलं तर ती वेळही येत नाही.

प्रिंट काढण्याआधी २०२६ चेच तीन महिने घालून पाहावेत. फेब्रुवारी रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, तेव्हा चार रकाने भरून पाचवा पूर्ण कोरा हवा. मे शुक्रवारी सुरू होतो, तेव्हा फक्त ३१ तारीख वर रविवारच्या पहिल्या चौकटीत गेलेली दिसली पाहिजे. आणि ऑगस्टमध्ये ३० आणि ३१ दोन्ही.