ज्या कंपनीनं ‘नाही’ म्हटलं, तिथंच पुन्हा अर्ज करताना काय सांगावं?

धारणी : आयटीआय झाल्यावर मेळघाटातली पोरं नांदगाव पेठ, चाकण, रांजणगावकडे मुलाखतीला जातात. काहींना नकार मिळतो आणि मग त्या कंपनीचं नावच सोडून दिलं जातं. खरं तर वर्षभरात त्याच कंपनीत पुन्हा जागा निघतात आणि जुना उमेदवार पुन्हा अर्ज करू शकतो. मात्र आधीचाच बायोडाटा तारीख बदलून पाठवला, तर उत्तरही बहुतेक आधीचंच येतं.

पहिलं काम म्हणजे नकार कोणी दिला आणि काहून दिला, हे शोधणं. पुष्कळ वेळा मुलाखत कंपनीची नसतेच, मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची असते. तसं असेल तर कंपनीच्या दप्तरी तुमचं नावही नसेल, तिथं थेट नवा अर्ज चालतो. नकार कंपनीनंच दिला असेल, तर ज्या नंबरवरून किंवा मेलवरून बोलावणं आलं होतं तिथं विचारता येतं : “सर, माझी निवड झाली नाही. मी कुठं कमी पडलो ते सांगाल का?” दरवेळी उत्तर येईलच असं नाही. मग मुलाखत कोणत्या प्रश्नावर अडली, ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं.

समजा, धारणीचा एक फिटर मार्च महिन्यात मुलाखतीला गेला. हातात व्हर्नियर कॅलिपर दिला आणि एका शाफ्टचं माप विचारलं. मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर पूर्ण झाले होते आणि व्हर्नियरची १७ वी रेघ जुळत होती. त्यानं २४.१७ सांगितलं. कॅलिपरचं लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर होतं. म्हणजे १७ गुणिले ०.०२ बरोबर ०.३४, आणि बरोबर माप २४.३४. दोन्हींत ०.१७ मिलिमीटरचा फरक. बेअरिंग बसवायच्या जागी एवढ्या फरकानं शाफ्ट बादच होतो, म्हणून त्याला घेतलं नाही.

पुढचे सहा महिने तो परतवाड्यात एका लेथच्या वर्कशॉपमध्ये राहिला आणि रोज मापं घेतली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा अर्ज करताना त्यानं एवढंच लिहावं : “मी मार्चमध्ये फिटर पदासाठी मुलाखत दिली होती. व्हर्नियरचं माप चुकल्यानं निवड झाली नाही. एप्रिल ते सप्टेंबर वर्कशॉपमध्ये शाफ्ट आणि बुश मोजण्याचं काम केलं, मालकाचं पत्र जोडलं आहे. पुन्हा चाचणी घ्यावी, ही विनंती.” चार वाक्यं पुरे. नकार मापामुळे आला, तर उत्तरही मापाचंच हवं. तिथं कॉम्प्युटर कोर्सचं प्रमाणपत्र जोडून उपयोग नाही, आणि “आता खूप मेहनत घेतो” हे तर कोणीही म्हणतो.

पत्रात कामाच्या तारखा, कामाचं स्वरूप, मालकाची सही, शिक्का आणि फोन नंबर असावा. वीसपेक्षा कमी कामगारांच्या वर्कशॉपमध्ये बहुतेक पीएफ कापला जात नाही, म्हणून हे पत्र आणि पगार खात्यात जमा झाल्याच्या नोंदी हाच पुरावा. पीएफ कापला जात असेल, तर नोकरीच्या तारखा त्या खात्यात दिसतात. तीन महिन्यांचे आठ महिने सांगितले की तिथंच पकडलं जातं.

जुना अर्ज लपवण्याचाही मोह होतो. अर्जात ‘यापूर्वी मुलाखत दिली आहे का?’ असं विचारलेलं असतं आणि पोट्टे भावाचा नंबर टाकून ‘नाही’ लिहितात. पण आधार, जन्मतारीख तीच असते, आणि मुलाखत घेणारा माणूसही तोच असू शकतो. आधीचा नकार लपवून जेवढं साधतं, त्यापेक्षा खोटं उत्तर सापडल्यावर जास्त बिघडतं.

किती दिवसांनी अर्ज करावा? बऱ्याच कंपन्या सहा महिने ते वर्षभर तोच उमेदवार पुन्हा घेत नाहीत. मुदत विचारून घ्यावी. नकार फक्त कागदामुळे असेल, म्हणजे मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं, किंवा शेवटचा निकाल बाकी, तर दुरुस्ती झाल्या झाल्या कळवावं. वायरिंगच्या कामात रंग ओळखता न आल्यानं नकार आला असेल, तर मात्र तीच जागा पुन्हा मागण्यात अर्थ नाही. त्याच कंपनीत स्टोअर किंवा पॅकिंगची जागा विचारावी.

आणखी एक कारण इकडचंच. दुसऱ्या फेरीचा फोन येतो तेव्हा पोरगा रेंज नसलेल्या गावात असतो, आणि कंपनी ‘प्रतिसाद नाही’ लिहून मोकळी होते. अशा वेळी नव्या अर्जात तसं सरळ लिहावं आणि धारणी किंवा परतवाड्यातल्या नातेवाइकाचा दुसरा नंबर द्यावा. त्या नातेवाइकालाही कंपनीचं नाव आधी सांगून ठेवावं, नाहीतर तो “राँग नंबर” म्हणून फोन ठेवून देतो.