फाइव्ह स्टारचा भाव शंभर रुपये

ऑनलाइन मागवलेल्या इअरफोनच्या खोक्यात वॉरंटीच्या कागदाखाली कधीकधी एक गुळगुळीत कार्ड निघतं. ‘फाइव्ह स्टार रिव्ह्यू द्या, शंभर रुपये मिळवा,’ असं त्यावर छापलेलं असतं आणि खाली व्हॉट्सअॅप नंबर. रिव्ह्यू टाकायचा, तो दिसू लागला की ऑर्डर नंबर, स्क्रीनशॉट आणि यूपीआय आयडी पाठवायचा, म्हणजे पैसे जमा. हा व्यवहार मुद्दाम वेबसाइटच्या बाहेर होतो. अॅमेझॉनसारख्या कंपनीच्या नियमांत रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट किंवा मोफत वस्तू देणं बसत नाही, हे विक्रेत्याला चांगलंच ठाऊक असतं.

विक्रेत्याला हे कसं परवडतं? समजा, त्या इअरफोनला चाळीस ग्राहकांनी मनापासून दिलेल्या रेटिंगची सरासरी 3.6 आहे. कार्ड वाटून त्याने आणखी साठ फाइव्ह स्टार मिळवले. आता शंभर जणांची सरासरी 4.44 झाली. खर्च सहा हजार रुपये. ‘चार स्टार आणि त्याहून जास्त’ असा फिल्टर लावणाऱ्याला जी वस्तू आधी दिसतच नव्हती, ती आता दिसू लागते. त्याच किमतीत चांगला माल देऊन 4.1 वर असलेला दुसरा विक्रेता मात्र तिच्या मागे पडतो.

‘मला वस्तू खरंच आवडली, मग शंभर रुपये घेतले तर बिघडलं कुठे?’ असं कुणीही विचारेल. बिघडतं ते अटीमुळे. विक्रेता वेळ काढून मत लिहिल्याबद्दल पैसे देत नाही. तसं असतं तर दोन स्टार देणाऱ्यालाही ते मिळाले असते. तो ठरावीक मताचे पैसे देतो. आणि ज्याची फसवणूक होते, तो तिसराच माणूस या सौद्यात कुठेच नसतो: तुमचा रिव्ह्यू वाचून पैसे मोजणारा पुढचा ग्राहक. तुमचं मत खरं असलं, तरी त्यामागे पैसे आहेत हे त्याला कळत नाही. शिवाय एका कानात आवाज कमी येतो म्हणून तीन स्टार देणार होता तो माणूस शंभर रुपयांसाठी गप्प बसला, हेही त्याला कळत नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या नियमाने, ठरावीक सूर लावण्याच्या अटीवर रिव्ह्यूसाठी मोबदला देण्यावर बंदी आली. आपल्याकडे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिता येत नाही. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस 19000’ हे मानकही आणलं; पण ते ऐच्छिक म्हणून आलं. त्यामुळे बराचसा भार वेबसाइटच्या नियमांवर आणि ग्राहकावर पडतो.

मग असं कार्ड हाती आलं तर काय करावं? त्या नंबरवर काहीच पाठवू नये. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका, असं कुणी सांगितलं तर ती सरळसरळ लूट समजावी. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. कार्डाचा फोटो आणि ऑर्डर नंबर वेबसाइटच्या ग्राहक सेवेकडे पाठवावा. रिव्ह्यूमध्ये मात्र वस्तूबद्दलच लिहावं, कारण विक्रेत्याबद्दलच्या तक्रारी तिथून काढून टाकल्या जाऊ शकतात. बॅटरी किती तास चालली, फोनवर समोरच्याला आवाज नीट गेला का, हे दोन ओळींत लिहिलं तरी वाचणाऱ्याच्या कामाचं असतं. कमी स्टार दिल्यावर ‘रिव्ह्यू काढा, पूर्ण पैसे परत देतो’ असा फोन आला, तर तोही तोच सौदा. सदोष वस्तूचा परतावा रीतसर परतीच्या मार्गाने मागावा, रिव्ह्यू ठेवून. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

हॉटेलात किंवा सलूनमध्ये बिल देताना ‘गूगलवर फाइव्ह स्टार द्या, दहा टक्के कमी करतो’ असं समोरासमोर म्हटलं जातं, तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं. गूगलच्या नियमांतही हे बसत नाही. ‘रिव्ह्यू घरी जाऊन लिहीन, बिल पूर्ण घ्या,’ एवढं हसून सांगितलं तरी पुरे. आणि पैसे घेऊन स्टार आधीच दिले असतील, तर तो रिव्ह्यू आजही उघडून दुरुस्त करता येतो किंवा काढता येतो. तेवढं जरूर करा.