तिसरी खेप कुठे जाते?

जिल्हा दैनिकात शिकाऊ बातमीदाराची जागा निघाली की अर्जांचा ढीग पडतो, आणि त्यातले बरेचसे अर्ज एकाच सुरात सुरू होतात. लहानपणापासून पत्रकारितेची आवड आहे, पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे, समाजासाठी काहीतरी करायचे आहे. लिहिणाऱ्या मुलांना हे मनापासून वाटत असते, त्यात शंका नाही. पण शेजारच्या अर्जातही तेच लिहिलेले असल्यामुळे वृत्तसंपादकाला त्यातून कुणाचीच ओळख पटत नाही. शिक्षण, गुण, भाषा हे सगळे बायोडेटात असतेच. त्यासोबत एक पानाचे पत्र मागवतात ते वेगळ्या कारणासाठी. या मुलाला माहिती मिळवता येते का, ती पडताळता येते का आणि थोडक्यात सांगता येते का, हे त्या पानावर दिसायला हवे असते.

एक उदाहरण घेऊ. माण तालुक्यातली, नुकतीच बी.ए. झालेली एक मुलगी साताऱ्याच्या दैनिकासाठी अर्ज लिहिते आहे, असे समजा. पहिल्या खर्ड्यात तिने लिहिले, ‘आमचा तालुका दुष्काळी असल्याने पाण्याचा प्रश्न मी जवळून पाहिला आहे.’ चौथ्या स्तंभापेक्षा हे बरे, कारण निदान तालुका तरी कळला. पण जवळून पाहिले म्हणजे नेमके काय पाहिले? डेस्कवरचा कोणताही उपसंपादक हाच प्रश्न विचारील.

तिने पाहिले होते ते असे. उन्हाळ्यात गावाला टँकरच्या तीन खेपा मंजूर होत्या आणि गावच्या विहिरीत दोनच रिकाम्या होत होत्या. टँकर येण्याची वेळ ती रोज वहीत लिहून ठेवत होती. इथवर आल्यावर ‘टँकर घोटाळा’ असा मथळा कुणालाही सुचेल. तिने तो लिहिण्याआधी ग्रामसेवकांना विचारले. ते म्हणाले, तिसरी खेप वाडीला जाते. मग ती वाडीवर गेली. तिथे कळले की खेप येते, पण रोज येत नाही. घोटाळ्याची सनसनाटी त्यामुळे ओसरली, पण खरी बातमी इथेच सुरू झाली. दुसऱ्या खर्ड्यात तिचा परिच्छेद असा झाला:

‘एप्रिलमध्ये आमच्या गावाला टँकरच्या रोज तीन खेपा मंजूर होत्या. गावच्या विहिरीवर दोनच येत होत्या, हे मी पंधरा दिवस वेळ लिहून ठेवून पाहिले. तिसरी खेप वाडीला जाते, असे ग्रामसेवकांनी सांगितले. ती एक दिवसाआड येते, असे वाडीतल्या चार घरांनी सांगितले. खेपांची नोंदवही मी पाहिली. तीत तिन्ही खेपा रोजच्या आहेत. हा फरक कशामुळे, हे मला अजून कळलेले नाही. पंचायत समितीकडे विचारणा केली आहे.’

परिच्छेद जेमतेम साठ शब्दांचा आहे. त्यात ‘मेहनती’, ‘जिज्ञासू’, ‘निर्भीड’ यांतला एकही शब्द नाही आणि त्यांची गरजही उरलेली नाही. प्रत्येक माहिती कुठून आली, हे वाचताना कळते. काय स्वतः पाहिले, काय कुणी सांगितले आणि काय कागदावर आहे, हे तिने वेगवेगळे ठेवले आहे. नवख्या बातमीदाराची कॉपी बहुतेक वेळा इथेच घसरते. ऐकलेली गोष्ट पाहिल्यासारखी लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी खुलासा छापण्याची वेळ येते. ‘अजून कळलेले नाही’ हे वाक्य काढून टाकायचा मोह तिला झाला असेल. माझ्या मते पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे. आपली माहिती कुठे संपते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यावर रात्री उशिरा आलेली बातमी सोपवायला डेस्क कचरत नाही.

तिने आणखी एक गोष्ट पत्राबाहेर ठेवली. खेप का चुकते याबद्दल टँकरच्या चालकाने तिला काही सांगितले होते आणि आपले नाव येऊ देऊ नको, अशी विनंती केली होती. पत्र संपादकांनाच जाणार आहे, छापले जाणार नाही, असे म्हणून काही मुले अशी नावे बिनदिक्कत लिहितात. वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की या मुलाच्या पोटात गोष्ट राहत नाही. तसेच एखाद्या अधिकाऱ्याचे नाव घेऊन त्याच्यावर केलेला आरोपही पत्रात नको. बातमीत तो करायचा तर हाती पुरावा लागतो आणि त्याची बाजू घ्यावी लागते. तोच नियम अर्जालाही लागू आहे.

दुसरा परिच्छेद त्या दैनिकाबद्दल हवा. ‘आपले लोकप्रिय व अग्रगण्य दैनिक’ असे लिहून भागत नाही. महिनाभर आपल्या तालुक्याचे पान रोज वाचायचे आणि त्यात काय येते, काय येत नाही ते पाहायचे. तिने लिहिले की बाजार समितीतले भाव रोज येतात, पण ग्रामसभांच्या बातम्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या दिवसांच्या आसपासच दिसतात, आणि सभेत झालेल्या ठरावांचे पुढे काय झाले ते क्वचितच वाचायला मिळते. यात टीकेचा सूर नाही, कामाची तयारी आहे. आवृत्तीप्रमुखाला अशा मुलीला पहिल्याच आठवड्यात कोणते काम द्यावे, ते इथे दिसते.

बाकीचे चार ओळींत आटोपते. दुचाकीचा परवाना आहे, युनिकोडमध्ये मराठी टाइप करता येते, जिल्ह्यात कुठेही राहायची तयारी आहे. महाविद्यालयाच्या नियतकालिकात आलेला लेख असेल तर तसेच सांगावे. त्याला ‘वृत्तपत्रीय लेखन’ म्हणू नये. छापील कात्रणे नसतील तर स्वतः लिहिलेली एखादी न छापलेली बातमी जोडावी.

चांगली पत्रे अगदी साध्या कारणांनीही बाजूला पडतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हे दिसतात. म्हणून पत्र युनिकोडमध्ये लिहून, पीडीएफ करून, आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावे. संपादकांचे नाव त्या दिवशीच्या अंकातल्या छापील ओळीवरून घ्यावे, कारण माणसे बदलतात. दुसऱ्या दैनिकासाठी लिहिलेल्या पत्रात नाव बदलायचे राहून गेले, तर पुढचे कुणी वाचत नाही. शुद्धलेखनाच्या एखाद्या चुकीने सहसा अडत नाही, पण आपल्याच तालुक्यातल्या गावाचे नाव चुकले तर अडते. पत्र पोचले का हे विचारायला फोन करायचा तर दुपारी करावा. संध्याकाळनंतर पाने लावायची घाई असते आणि फोन घेणाऱ्याला बोलायला सवड नसते.

पत्राने नोकरी मिळत नाही, परीक्षेला बोलावणे येते. तिथे बहुधा एखादे प्रसिद्धिपत्रक देऊन त्याची बातमी करायला सांगतात, इंग्रजी मजकुराचा अनुवाद करून घेतात आणि चुकांनी भरलेली कॉपी दुरुस्त करायला देतात. नंतर मुलाखतीत पत्र समोर ठेवून प्रश्न येतात. तिला पहिला प्रश्न येईल, पंचायत समितीने काय उत्तर दिले? त्यामुळे अर्ज पाठवल्यानंतरही तिला तिथे पुन्हा जाऊन यावे लागेल, आणि उत्तर मिळाले नसेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर विचारले, ते वहीत लिहून ठेवावे लागेल.