कांजिण्या : ओळख व सावधगिरी

माघातील थंडी ओसरून उन्हे तापू लागली की आपल्याकडे कांजिण्यांचे दिवस येतात. शाळांतून परीक्षांची घाईही नेमकी त्याच वेळी असते. त्यामुळे ‘अंगावर थोडेसे उठले आहे’ एवढ्यावरून मुलास घरी ठेवावयास पालक सहसा तयार होत नाहीत. हा रोग बहुतेक मुलांत आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो हे खरे. परंतु तो ओळखण्यात दोन दिवस गेले, तर तेवढ्यात साऱ्या वर्गास त्याचा वाटा मिळून चुकतो.

आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. असे घर पनवेलीत शोधावयास फार दूर जावे लागणार नाही. घरात नऊ वर्षांचा मुलगा, त्याची चार वर्षांची बहीण, आई-वडील व आजी. कांजिण्यांची लस दोघांही मुलांस दिलेली नाही. मंगळवारी, ४ फेब्रुवारीस, मुलगा शाळेतून आला तो अंग मोडल्यासारखा, व रात्री त्यास बेताचा ताप भरला. बुधवारी सकाळी छातीवर व पोटावर चार-सहा तांबडे ठिपके दिसले. आईस वाटले, डास चावले असतील. दुपारपर्यंत त्याच ठिपक्यांवर पाण्याचे बारीक फोड आले. त्वचेवर दवाचा थेंब टेकावा तसे ते दिसत. गुरुवारी जुने फोड मध्ये दबून सुकू लागले, आणि त्यांच्या शेजारी पाठीवर, तोंडावर व केसांत नवे ठिपके उठले. खाज तर अशी की मुलास झोप लागेना.

गुरुवारचे हे अंग नीट पाहावे, कारण रोगाची खूण त्यातच आहे. तळहाताएवढ्या जागेत कोठे नुसता ठिपका, कोठे पाणीदार फोड, तर कोठे खपली, अशा तिन्ही अवस्था एकाच वेळी नांदत असतात. विषाणू रक्तातून त्वचेकडे एकदम न येता तीन-चार दिवस लाटांनी येतात, आणि प्रत्येक लाटेचे फोड आपापल्या वयाप्रमाणे पिकतात व सुकतात. शिवाय पुरळ धडावर दाट व हातापायांवर विरळ असते. केवळ तळहात, तळपाय व तोंडाच्या आत फोड असतील, तर तो बहुधा दुसराच रोग होय. चावलेल्या डासांच्या गांधी उघड्या अंगावर उठतात. केसांत व कपड्यांखाली पाणीदार फोड दिसले की डासांवरचा आरोप मागे घ्यावा.

याच खुणेवर एके काळी माणसांच्या जिवाचा निर्णय होत असे. देवी व कांजिण्या हे निराळे रोग आहेत हे लंडनचे डॉ. विल्यम हेबर्डन यांनी १७६७ साली स्पष्ट करून दाखविले. देवीचे फोड एका भागात सारे एकाच अवस्थेत असत, ते तोंडावर व हातापायांवर दाट येत, आणि तळहात-तळपायही सुटत नसत. जगातून देवी नाहीशा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. आजीच्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे. पण त्या टोचणीने कांजिण्यांपासून रक्षण होत नाही. ‘आमच्या घरी सर्वांना टोचले होते’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता इतरांच्या बचावाचा हिशेब करू. रोगी पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोग पसरवितो, व शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत पसरवीत राहतो. म्हणजे आपला मुलगा सोमवार-मंगळवारी बाकावर बसला असतानाच शेजाऱ्यास रोग देत होता. रोग लागल्यापासून पुरळ उठण्यास दहा ते एकवीस दिवस लागतात. तेव्हा मंगळवारी ज्यांस तो लागला, त्यांच्या अंगावर १४ ते २५ फेब्रुवारीच्या दरम्यान पुरळ उठेल. म्हणून वर्गशिक्षकांस बुधवारीच कळवावे. लपवून कोणाचेच भले होत नाही. नवे फोड येणे शनिवार-रविवारी थांबेल, आणि ११-१२ फेब्रुवारीच्या सुमारास सर्व फोडांवर खपली दिसली म्हणजे मुलगा शाळेत जावयास मोकळा. दिवस मोजून नव्हे, खपल्या पाहून पाठवावे.

धाकट्या बहिणीस निराळ्या खोलीत ठेवणे चांगलेच, पण हा रोग हवेतूनही जातो. एका घरात राहणाऱ्या, पूर्वी न आलेल्या व लस न घेतलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांस तो गाठतो. तिच्यासाठी खरा उपाय लस हाच. संसर्गानंतर तीन दिवसांत, फार तर पाचांत, ती दिली तर रोग टळतो किंवा सौम्य येतो. म्हणून बुधवारीच डॉक्टरांकडे जावे. ही लस जपानचे डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली तयार केली. मुलांस तिच्या दोन मात्रा देतात.

गर्भवती स्त्रियांस मात्र ही लस देत नाहीत. या घरी बाळंतपणास यावयाची मावशी असेल, व तिला पूर्वी कांजिण्या आलेल्या नसतील, तर तिने येऊ नये. ती येऊन गेली असेल तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांस सांगावे. तान्ही मुले, आणि कर्करोगावरील किंवा स्टेरॉइडची औषधे घेणारी माणसे यांसही हीच दक्षता हवी. ‘माय आली’ म्हणून आळीतल्या बाया-मुलांनी दर्शनास जमावे, ही चाल प्रेमळ असली तरी आम्हांस ती मोडावीशी वाटते.

घरची शुश्रूषा सोपी आहे. नखे कापावी, रोज कोमट पाण्याने अंघोळ घालून अंग टिपावे, खाजेवर कॅलामाइन लावावे. अंघोळ बंद करण्याची जुनी समजूत घातक आहे, कारण मळक्या नखांनी फोड फुटला की तेथे दुसरे जंतू शिरतात. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवण्यास आमची हरकत नाही. तापास पॅरासिटामॉल द्यावे, एका वेळी किलोस १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर. अ‍ॅस्पिरिन मुळीच देऊ नये. कांजिण्यांत त्याने मेंदू व यकृत यांस गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळावे.

ताप उतरण्याची रीतही पाहावी. साधारणपणे तो चौथ्या दिवसापर्यंत जातो. समजा, आपल्या मुलाचा ताप शनिवारी गेला आणि सोमवारी पुन्हा जोराने आला; मांडीवरच्या एका फोडाभोवती लाली पसरली आहे, तेथे हात लावला तर गरम व कठीण लागते, व मूल तो पाय टेकीत नाही. हे कांजिण्यांचे काम नव्हे. त्वचेत जंतूंचा शिरकाव झाला आहे, आणि त्याच दिवशी औषध सुरू झाले पाहिजे. लालीच्या कडेने पेनने रेघ ओढून ठेवावी. तासा-दोन तासांत लाली रेघेपलीकडे गेली तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. धाप व खोकला, सारखी वांती, न उतरणारी गुंगी, मान ताठणे, झटके, फोडांत रक्त उतरणे, किंवा आठवड्याने मूल चालताना झोकांड्या खाऊ लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास एक घटकाही थांबू नये. मोठ्या माणसांत फुप्फुसे बिघडण्याचा धोका अधिक असतो. वडिलांस पूर्वी कांजिण्या आल्या नसतील व आता आल्या, तर पहिल्या चोवीस तासांतच डॉक्टरांस भेटावे.

बरे झाल्यावरही विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतो, व पुष्कळ वर्षांनी कमरेभोवती वा छातीवर एकाच बाजूस पट्ट्याने उठतो. त्यासच आपण नागीण म्हणतो. नातवाच्या कांजिण्यांनी आजीस नागीण होत नाही. उलट आजीच्या नागिणीच्या उघड्या फोडांतील पाण्याने नातवास कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा ते फोड सुकेपर्यंत कापडाने झाकलेले असावे.