८० टक्के अनुदान, पण कशाचे?

ठिबक सिंचनाच्या योजनेची सूचना गावात लागली की तिच्यातला एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो: ८० टक्के अनुदान. आकडा खरा असतो. पण हे ८० टक्के कशाचे आणि ते कधी हातात पडणार, हे नीट न कळल्यामुळे पुढे हिशेब चुकतो. अशीच सूचना वाचणारे आबा आणि त्यांचा मुलगा यांचा हा कल्पित संवाद. आबांची कपाशी अडीच एकर, म्हणजे साधारण एक हेक्टर.

आबा : इथं लिहिलंय, अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५. आपण कशात बसतो?

मुलगा : दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर अल्पभूधारक. आपण ८० मध्ये.

आबा : आणि ही सबसिडी म्हणजे कर्जच ना? आज देतील, उद्या वसुलीला येतील.

मुलगा : नाही आबा, ती फेडायची नसते. खर्चातला ठरलेला वाटा सरकार उचलतं, ती सबसिडी. तुम्ही तर ती कधीपासून घेताय. युरियाची ४५ किलोची गोणी केवढ्याला मिळते?

आबा : २६६ रुपये ५० पैसे.

मुलगा : ती तयार करायला याच्या कितीतरी पट खर्च येतो. वरचा फरक सरकार कंपनीला देतं. दुकानात मशीनवर अंगठा लावता ना? त्या विक्रीच्या नोंदीवरूनच कंपनीला पैसे मिळतात.

आबा : मग ठिबकवालाही आपल्याकडून २० टक्केच घेईल.

मुलगा : इथंच गफलत होते. युरियात सबसिडी आधीच वजा झालेली असते. ठिबकचं बिल मात्र साधारणपणे आधी आपणच भरायचं. सबसिडी नंतर खात्यात येते.

आबा : येऊ दे की नंतर. ८० टक्के तर येतील?

मुलगा : बिलाचे नाही. सरकारनं ठरवलेल्या खर्चाचे.

आबांसारख्या अनेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट हीच. सरकार प्रत्येक संचाचा एक मापदंड खर्च ठरवते. तो क्षेत्रावर आणि दोन नळ्यांमधल्या अंतरावर अवलंबून असतो. कपाशी-उसाला नळ्या जवळजवळ लागतात, म्हणून खर्च जास्त. आंब्याच्या बागेत त्या लांब असतात, म्हणून कमी. अनुदानाची टक्केवारी या मापदंडावर लागते. बिल त्याहून कमी झाले तर ती बिलावर लागते, जास्त झाले तर वरचा भार शेतकऱ्यावर.

मुलगा : सोप्या आकड्यांत बघू. समजा, आपल्या संचाचा मापदंड एक लाख आणि दुकानदाराचं बिल सव्वा लाख. सबसिडी किती?

आबा : लाखाचे ८० टक्के, म्हणजे ८० हजार. आपले गेले ४५ हजार!

मुलगा : बिलाच्या ३६ टक्के. आपण तर २० धरून चाललो होतो. शिवाय सव्वा लाख १२ टक्के व्याजानं उचलले आणि सबसिडी सहा महिन्यांनी आली, तर साडेसात हजार व्याज. म्हणजे साडेबावन्न हजार आपले.

आबा : आणि हे ८० हजार एकदमच येतात का?

मुलगा : तसं नसतं. मूळ योजनेचे ५५ टक्के. त्यात केंद्र आणि राज्य दोघांचा वाटा. वरचे २५ टक्के राज्य आपल्या वेगळ्या योजनेतून देतं. त्यामुळे पैसे दोन वेळा येऊ शकतात. पहिली रक्कम आली की 'सबसिडी कापली' म्हणून घाबरायचं नाही. उरलेली कधी येणार, ते कृषी सहायकाला विचारायचं.

आबा : ओळखीचा दुकानदार म्हणतो, संच आजच न्या, कागद मागून बघू.

मुलगा : तसं अजिबात करायचं नाही. आधी महाडीबीटीवर अर्ज. त्याला शेतकरी ओळख क्रमांक लागतो. मग कागदपत्रांची छाननी, मग पूर्वसंमती. ती मिळाल्यावरच खरेदी, तीही दिलेल्या मुदतीत. नंतर पक्कं बिल चढवायचं. अधिकारी शेतावर येऊन मोका तपासणी करतात आणि मग आधार जोडलेल्या खात्यात पैसे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर सबसिडी हातची जाऊ शकते.

आबा : तपासणीत काय बघतात?

मुलगा : बिलात जेवढी नळी, जेवढे फिल्टर, तेवढं शेतात आहे का ते. दुकानदारानं बिल फुगवून माल कमी दिला, तर अडकणार आपण. म्हणून माल उतरवतानाच बिलाशी ताडून घ्यायचा.

आबा : मग दुकानदाराला दोन प्रश्न विचारायचे. आपल्या अंतराला मापदंड किती, आणि त्याचं बिल त्याच्या वर किती जातं.

मुलगा : आणि बँकेला तिसरा. सबसिडी येईपर्यंतचे पैसे किती व्याजानं देणार? तिन्ही उत्तरं एका कागदावर मांडली की आपला खरा वाटा दिसेल. तो झेपत असेल तर आजच अर्ज करू.

आबा : झेपत नसेल तर?

मुलगा : यंदा एकरभरच करू. योजनेत ५ हेक्टर ही कमाल मर्यादा आहे. तेवढं करायलाच हवं, असं नाही.